‘आठवड्यातून एकदा’ म्हणजे नेमकं कधी?

फ्रान्समध्ये औषधाच्या डब्यात घडी घालून ठेवलेल्या कागदाला ‘नोतीस’ म्हणतात. तुलूझला मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या साताऱ्याच्या एका काकूंनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या दचकल्याच. “गोळ्यांबरोबर नोटीस कशाला पाठवतात गं?” असं त्यांनी मला फोनवर विचारलं. आपल्याकडे नोटीस येते ती कोर्टाकडून, नाहीतर नगरपालिकेकडून. औषधाच्या दुकानात पट्टी कात्रीने कापून हातात पडते, कागद बहुधा मिळतच नाही. त्यामुळे उलगडल्यावर उशीच्या अभ्र्याएवढा होणारा, बारीक अक्षरांत दोन्ही बाजूंनी छापलेला तो कागद पाहून त्यांना धडकी भरली, यात नवल नाही.

काकूंचं वय 71. हाताच्या बोटांचे आणि मनगटांचे सांधे सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही. ऱ्हुमटॉइड संधिवात. तिकडच्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या करून मेथोट्रेक्सेट सुरू केलं. प्रत्येक गोळी 2.5 मिलिग्रॅमची, आणि आठवड्याला 10 मिलिग्रॅम. मुलीला ऑफिसपुरतं फ्रेंच येतं, पण तिचे दिवस भरत आले होते. ती चार दिवस इस्पितळात आणि जावई तिच्या उशाशी, म्हणजे घरात काकू आणि गोळ्यांचा डबा. “आईला स्वतः वाचून कळेल असं मराठीत करून दे,” असं मुलीने मला सांगितलं. मी फ्रेंच-मराठी भाषांतराचं काम बरीच वर्षं करते. दोन संध्याकाळींचं काम, असा माझा अंदाज होता. त्याला तीन आठवडे लागले, आणि त्यातला बराचसा वेळ एका ओळीने खाल्ला.

ती ओळ कळण्यासाठी आधी औषध थोडं कळायला हवं. पेशीला दुभागायचं असेल तर फोलेट नावाचं जीवनसत्त्व लागतं. मेथोट्रेक्सेट त्या फोलेटच्या कामात आडवं येतं. मोठ्या मात्रेत ते कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखण्यासाठी देतात. संधिवातात मात्रा कितीतरी लहान असते आणि ती आठवड्यात एकाच दिवशी घ्यायची असते. मधले सहा दिवस शरीराला सावरायला मिळतात आणि मूत्रपिंडं औषध बाहेर टाकतात. हीच लहान मात्रा कुणी रोज घेतली, तर शरीरात ज्या पेशी सगळ्यांत भराभर तयार होतात त्यांनाच आधी फटका बसतो. त्या म्हणजे तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, आणि हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रक्ताच्या पेशी. उतारवयात मूत्रपिंडं मंदावलेली असतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला हा फटका लवकर आणि जोरात बसतो.

आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावल्याच्या नोंदी युरोपात होत्या. त्यावरून 2019 मध्ये युरोपीय औषध संस्थेने या गोळ्यांबाबतचे नियम कडक केले. डब्यावर ठळक इशारा, बाटलीऐवजी पट्टीत गोळ्या, रुग्णाने जवळ बाळगायचं एक कार्ड, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर वार लिहावा ही अपेक्षा. कागदावरही चौकटीत तेच छापलेलं असतं: ‘ऊन फ्वा पार स्मेन’. आठवड्यातून एकदा.

भाषांतर करायला यात काय आहे, असं मलाही वाटलं होतं. मी लिहिलं, “आठवड्यातून एकदा 4 गोळ्या घ्या.” काकूंना वाचायला पाठवलं आणि सहज विचारलं, “काकू, मग तुम्ही कशा घेणार?” त्या म्हणाल्या, “कशा म्हणजे? आठवड्याला चार. एक दिवसाआड एक.”

त्यांची चूक नव्हती. माझ्या वाक्यात ‘एकदा’ हा शब्द होता, पण चार गोळ्या एकाच वेळी तोंडात टाकायच्या ही गोष्ट त्यांच्या साठ वर्षांच्या औषधानुभवात बसत नव्हती. गोळी एक असते, फार तर दोन. चार म्हटलं की त्या वाटून घ्यायच्या असणार. त्यांनी वाक्य बरोबर वाचलं आणि आपल्या अनुभवाने दुरुस्त करून घेतलं.

दुसऱ्या खेपेला मी सोपं करायला गेले आणि नव्या खड्ड्यात पडले. बोलताना आपण आठवड्याला ‘आठ दिवस’ म्हणतो. “आठ दिवसांनी या,” असं डॉक्टर सांगतात आणि पेशंट पुढच्या त्याच वारी हजर होतो. गंमत म्हणजे फ्रेंच माणूसही आठवड्याला ‘आठ दिवस’ म्हणतो आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’. सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजण्याची ही जुनी सवय दोन्ही भाषांत सारखी आहे. मी आनंदाने लिहिलं, “दर आठ दिवसांनी एकदा, चारही गोळ्या एकत्र.” काकूंनी या वेळी कॅलेंडर समोर घेतलं, बुधवारावर बोट ठेवलं, पुढे आठ घरं मोजली आणि गुरुवारावर येऊन थांबल्या. पुढची खेप शुक्रवारी.

एका दिवसाच्या फरकाने कुणाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वार सुटल्यामुळे. ‘माझा वार बुधवार’ हे डोक्यात पक्कं असेल तर शनिवारी गोळीचा विचारही येत नाही. वार दर खेपेला सरकायला लागला की “आज होती का? काल घेतली का?” हा घोळ सुरू होतो, आणि घोळात सापडलेलं माणूस खात्रीसाठी आणखी एकदा घेऊन टाकतं. या औषधात ती खात्रीच महागात पडते.

म्हणून ‘आठवडा’ आणि ‘आठ दिवस’ हे दोन्ही शब्द मी मुख्य ओळीतून काढले आणि वाराचं नाव घातलं. वार काकूंनीच निवडला. डॉक्टरांनी सोमवार सुचवला होता. त्या म्हणाल्या, “सोमवार-गुरुवार माझे उपास. उपाशीपोटी चार गोळ्या नको गं, मळमळेल. बुधवार कर.” मुलीने डॉक्टरांना विचारलं, त्यांनी चिठ्ठीवर ‘मेर्क्रदी’, म्हणजे बुधवार, असं अक्षरी लिहून दिलं. मग ओळ अशी झाली:

“फक्त बुधवारी. रात्री जेवण झाल्यावर 4 गोळ्या एकाच वेळी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार: ही गोळी नाही.”

फ्रेंच कागदात सहा वारांची यादी नाही. फ्रेंच वाक्य ‘न… क’ या जोडीवर उभं असतं. नवशिक्याला त्यातला पहिला ‘न’ नकारासारखा दिसतो, पण दोन्ही मिळून अर्थ होतो ‘फक्त’. आठवड्यातून फक्त एकदा. त्या ‘फक्त’मध्ये उरलेले सहा दिवस मुकाट्याने बसलेले असतात. मराठीत ते मला एकेक करून बोलते करावे लागले. तीन शब्दांचे दहा झाले, आणि तेच बरोबर होतं.

आकड्यांचाही एक सापळा होता. फ्रेंच माणूस दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतो. 2.5 हा आकडा डब्यावर 2,5 असा छापलेला असतो. आपल्या डोळ्यांना स्वल्पविराम हजार-लाखांत दिसतो, नाहीतर दोन वेगळ्या गोष्टींच्या मध्ये. काकूंनी तो आकडा ‘दोन, पाच’ असा वाचला. मी ‘अडीच मिलिग्रॅम’ असं लिहून पाहिलं, तर त्यांच्या मनात ‘अडीच गोळ्या’ आल्या. शेवटी मी वजनाला हात न लावता मोजणी दिली: “डब्यावर 2,5 असं छापलं आहे. तो गोळीच्या आतल्या औषधाचा आकडा आहे. तुम्ही गोळ्या मोजायच्या: 4.” याखाली आणखी एक ओळ घातली: “नवा डबा आणला की आकडा तोच आहे का ते बघा. वेगळा असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.” कारण हेच औषध 10 मिलिग्रॅमच्या गोळीतही मिळतं, आणि तसल्या चार गोळ्या म्हणजे चौपट मात्रा.

कागदाच्या चौथ्या भागात दुष्परिणाम असतात. युरोपभर हा कागद ठरलेल्या सहा भागांत येतो: औषध कशासाठी आहे, घेण्याआधी काय माहीत हवं, कसं घ्यायचं, काय त्रास होऊ शकतो, कसं ठेवायचं, आणि डब्यात काय आहे. चौथ्या भागात पहिल्या काही ओळींतच ‘स्तोमातीत’ हा शब्द भेटतो. कोशात बघून उतरवला तर त्याचं मराठी होतं ‘मुखातील श्लेष्मल त्वचेचा दाह’. असल्या मराठीला लोक नावं ठेवतात ते काही उगाच नाही. मला मात्र इथे तोंडात बसलेला अस्सल मराठी शब्द हाताशी होता: तोंड येणं. दोन शब्दांत सगळं आलं. साताऱ्यातल्या कुठल्याही आजीला समजावून सांगावं लागणार नाही.

आणि तिथेच मी फसले. मी लिहिलं, “तोंड आलं तर डॉक्टरांना कळवा.” काकूंना विचारलं, “समजा रविवारी तुमचं तोंड आलं, तर काय कराल?” त्या म्हणाल्या, “तोंड येतंच गं मधूनमधून. उष्णता झाली असेल. जाईचा पाला चघळीन, गुलकंद खाईन. त्यासाठी कुणी डॉक्टरांकडे जातं का?”

शब्द पोचला होता, आणि आपल्यासोबत घरगुती औषधांचा सगळा बटवा घेऊन पोचला होता. ‘श्लेष्मल त्वचेचा दाह’ हा शब्द कळला नसता, पण तो वाचून त्यांनी निदान मुलीला विचारलं तरी असतं. ‘तोंड येणं’ इतकं ओळखीचं होतं की विचारायची गरजच उरली नाही. या औषधात तोंड येणं ही बरीच सामान्य तक्रार आहे आणि पुष्कळदा ती साधीच निघते. पण तोंडाचं अस्तर भराभर नवं होत असल्यामुळे औषध शरीरात जास्त साचायला लागलं की त्याची पहिली खूण तिथेच उमटू शकते. साधी तक्रार कोणती आणि खूण कोणती, हे घरी बसून ओळखता येत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

मी शब्द तोच ठेवला, पण त्याच्यामागचं ‘उष्णता’ हे कारण काढून घेतलं:

“तोंड आलं, फोड आले, गिळताना दुखलं, तर ते उष्णतेमुळे आहे असं धरू नका. हे या गोळीमुळे असू शकतं. पाला, गुलकंद याने बरं होईल म्हणून थांबू नका. पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.”

कावीळ, घोळणा फुटणं, कोरडा खोकला या शब्दांचीही तीच गत. फ्रेंच कागद ‘त्वचा किंवा डोळे पिवळे होणे’ असं म्हणतो. मराठीत ‘कावीळ’ लिहिलं की वाचणाऱ्याला झाडपाल्याचं औषध देणारा कुणीतरी आठवतो. पथ्य पाळू, उसाचा रस पिऊ, हेही मनात येतं. म्हणून तिथे मी उलट केलं. आजाराचं नाव गाळून डोळ्याला दिसतं तेच ठेवलं: “डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर”. कोरडा खोकला आणि दम लागणं यांत फुप्फुसाला सूज येण्याचा धोका असतो. तो तुलूझच्या थंडीवर ढकलला जाणार हे मला दिसत होतं, म्हणून “थंडीमुळे असेल असं समजू नका” ही पुस्ती जोडली. कुठे सोपा शब्द घ्यायचा आणि कुठे तो सोडायचा, याचं एकच माप माझ्यापाशी उरलं: हा शब्द वाचून काकू उठून काय करतील?

याच मापाने क्रियापदंही तपासावी लागली. फ्रेंच कागदात इशाऱ्यांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. ‘कधीही घेऊ नका’ ही सगळ्यांत वरची. तिच्याखाली ‘घेण्याआधी डॉक्टरांशी बोला’. आणि त्रास सुरू झाल्यावर ‘ताबडतोब दाखवा’ वेगळं, ‘डॉक्टरांना सांगा’ वेगळं. आपल्या छापील मराठीत या सगळ्या पायऱ्या ‘टाळावे’, ‘काळजी घ्यावी’, ‘सल्ला घ्यावा’ अशा एकाच सपाट सुरात येतात. ‘टाळावे’ हा शब्द काकूंसाठी लोणच्याला लागू होतो. टाळावं, पण लग्नाच्या पंगतीत एखादी फोड चालते. मी चार वाक्यं ठरवली आणि सबंध कागदात तीच वापरली: ‘कधीच नाही’, ‘आधी विचारा’, ‘त्याच दिवशी फोन करा’, ‘पुढच्या तपासणीला सांगा’. पाचवं वाक्य वापरायचं नाही, कितीही कंटाळवाणं झालं तरी. फ्रेंच शब्दांचं वैविध्य मराठीत आणलं असतं तर वाचायला बरं वाटलं असतं, पण प्रत्येक नव्या शब्दागणिक काकू विचारात पडल्या असत्या की हा इशारा आधीच्याहून मोठा की लहान.

सगळ्यांत अवघड ठरला तो मरणाचा शब्द. जास्त मात्रा घेतली तर परिणाम गंभीर असतात, ‘व्वार मोर्तेल’, असं फ्रेंच म्हणतं, म्हणजे प्रसंगी प्राणघातक. मुलीने मला कळवलं, “हे गाळून टाक ना. आई घाबरेल आणि गोळीच बंद करेल.” तिची भीती अगदी खरी होती. घाबरून गोळ्या सोडलेले पेशंट असतात, आणि सांध्यांची झीज काही त्यांच्यासाठी थांबत नाही. पण हा शब्द कागदावर कशासाठी आहे, तेही बघायला हवं. तो औषधाबद्दल नाही, रोज घेण्याबद्दल आहे. फ्रेंच वाक्यात हे दोन धागे जवळजवळ असतात, आणि मराठीत ‘हे औषध प्राणघातक ठरू शकते’ असं उतरवलं की दोष औषधाच्या माथी बसतो. मी वाक्य सोडवून घेतलं: “बुधवारी घेतलेल्या 4 गोळ्या सांध्यांसाठी आहेत. याच गोळ्या रोज घेतल्या तर जीव जाऊ शकतो.” गाळलं काहीच नाही, फक्त मरण कुठल्या क्रियेला चिकटलेलं आहे ते दाखवलं. काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, “असं सांग ना सरळ. मग नाही मी रोज घेत.”

भीतीची दुसरी जागा म्हणजे ‘वारंवार’ हा शब्द. दुष्परिणामांच्या यादीत फ्रेंच कागद ‘फ्रेकाँ’ म्हणतो आणि शेजारीच त्याचं माप देतो: दहांत एका माणसापर्यंत. ‘त्रे फ्रेकाँ’ म्हणजे दहांत एकाहून जास्त. ‘रार’ म्हणजे हजारात एकापर्यंत. कोशातून ‘फ्रेकाँ’चं ‘वारंवार’ केलं की मराठी वाचकाला वाटतं, मला हे वारंवार होणार. शब्द माणसांच्या संख्येबद्दल आहे आणि कळतं ते एकाच माणसाच्या फेऱ्यांबद्दल. शब्द पूर्ण काढून मी फक्त माणसं मोजली: “ही गोळी घेणाऱ्या दहा जणांपैकी एखाद्याला”, “हजारांत एखाद्याला”. आणि ‘पर्यंत’ विसरले नाही. “एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना.”

गरोदरपणाचा परिच्छेद मी पहिल्यांदा गाळलाच होता. 71 वर्षांच्या बाईला त्याचं काय? मुलीचा दिवस भरलेला आवाज फोनवर ऐकत असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे औषध गर्भाला घातक आहे, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने या गोळ्या हाताळू नयेत. काकूंची बोटं सुजलेली, पट्टीतून गोळी काढायला त्रास होणार, आणि ती काढून द्यायला शेजारी कोण बसलेलं? काकूंसाठी नसलेला परिच्छेद काकूंच्या घरासाठी होता. तो मी वरच्या अर्ध्यात आणला: “गोळ्या मुलीने काढून द्यायच्या नाहीत. जावयाने द्याव्यात. गोळी कधीच तोडू नका, कुटू नका.”

कागद तयार झाल्यावर मी धंद्यातली नेहमीची खातरजमा केली. मूळ न पाहिलेल्या एका सहकाऱ्याला मराठी मजकूर दिला आणि त्याचं उलट फ्रेंच करून घेतलं. उत्सुकतेपोटी माझा जुना, ‘आठ दिवसांनी’वाला मसुदाही त्यांना दिला होता. त्यांनी त्याचं ‘आठ दिवसांतून एकदा’ असं अगदी सहज फ्रेंच केलं, आणि ते तंतोतंत बरोबर दिसत होतं. तोंड येणंही ‘स्तोमातीत’ होऊन बिनबोभाट परतलं. उलट भाषांतरात गळलेला नकार सापडतो, चुकलेला आकडा सापडतो. गुरुवारावर थांबलेलं बोट आणि गुलकंदाची बाटली त्यात सापडत नाही, कारण ती कागदावर नसतात.

ती सापडतात फक्त विचारून. खुद्द फ्रेंच कागदही असाच तपासलेला असतो. युरोपात 2004 च्या कायदेदुरुस्तीपासून औषधाचा कागद सामान्य माणसांकडून वाचून घ्यावा लागतो. वीस जणांना प्रश्न विचारतात, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांतल्या निदान सोळा जणांना कागदात सापडून नीट कळलेलं असावं अशी अपेक्षा असते. भाषांतर झालं की ही परीक्षा मागे फ्रेंचमध्येच राहते. माझ्याकडे वीस म्हातारी माणसं नव्हती. पण काकू होत्या, आमच्या इमारतीतले दोन आजोबा होते, आणि माझी आत्या. प्रश्न विचारताना एक पथ्य पाळावं लागतं. “कळलं का?” असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी “हो” असतं. विचारायचं असं: “आज शनिवार आहे. डबा समोर आहे. काय कराल?” “गोळी घेतल्यावर दोन दिवस उलट्या-जुलाब झाले. मग?” या दुसऱ्या प्रश्नावर एक आजोबा म्हणाले, “लंघन करायचं, पाणीसुद्धा नाही.” शरीरातलं पाणी कमी झालं की हे औषध साचतं, हे मूळ कागदात होतं आणि मीही लिहिलं होतं, पण तिसऱ्या पानावर. ते उचलून पहिल्या पानावर आणलं: “उलट्या-जुलाब झाले, ताप आला, तर त्याच दिवशी फोन करा. पाणी बंद करू नका. निर्जळी उपास करायचा असेल तर आधी विचारा.”

एवढं सगळं करून भाषांतरकाराच्या हातात काय नसतं तेही सांगायला हवं. मात्रा मी ठरवत नाही, चिठ्ठीवर आहे तीच लिहिते. कागद आणि चिठ्ठी यांत फरक दिसला तर मी मधला मार्ग काढत नाही, डॉक्टरांना विचारायला सांगते. काकू त्यांच्या बॅगेत साताऱ्याहून दुखण्याच्या गोळ्या घेऊन गेल्या होत्या. त्या यासोबत चालतील का, हे मला माहीत नसणं हेच बरोबर आहे. मी पट्टीवरची नावं फ्रेंच अक्षरांत लिहून मुलीला दिली आणि ती यादी औषधाच्या दुकानदाराला दाखवायला सांगितली. कुणी लघवीच्या जळजळीवर अँटिबायोटिक देऊ केलं तर ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे सांगायचं, एवढं मात्र ठळक केलं. त्या कामासाठी दिली जाणारी ट्रायमेथोप्रिम असलेली औषधं यासोबत रक्ताच्या पेशी धोकादायकरीत्या कमी करू शकतात. आणि मूळ फ्रेंच कागद फेकायचा नाही. माझ्या दोन पानांना तो पिन करून ठेवायचा, म्हणजे 15 नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली तर तिथल्या माणसाला त्याच्या भाषेत वाचता येईल.

शेवटचा मसुदा सोळा पॉइंटच्या अक्षरांत, दोन पानांत बसला. काकूंनी तो फ्रिजवर लावला. दोन दिवसांनी फोन आला. “सगळं लिहिलंस, पण विसरले तर काय करायचं, ते कुठंय?”

ते होतं. फ्रेंच कागदात तिसऱ्या भागाच्या शेवटी असतं, म्हणून मीही ते दुसऱ्या पानाच्या तळाशी ठेवलं होतं. काकूंच्या दृष्टीने तो पहिल्याच दिवशी पडणारा प्रश्न होता. नातवंड जन्माला येणार, रात्रीच्या जागरणात बुधवार कधी येऊन गेला ते कळणारही नाही. मी ती ओळ उचलून ‘फक्त बुधवारी’च्या बरोबर खाली आणली, आणि मूळ कागदातला ‘दुप्पट मात्रा घेऊ नका’ हा इशारा काकूंनी फोनवर माझ्याकडून ऐकून जसा परत म्हणून दाखवला, तसाच लिहिला:

“बुधवार चुकला तर चुकला. मनाने घ्यायची नाही, पुढच्या बुधवारी आठ घ्यायच्या नाहीत. डॉक्टरांना फोन करून विचारायचं.”